रॅकवर उरलेली कोरी टाइल

स्क्रॅबलचा एक डाव संपला. हरलेल्या खेळाडूने रॅक समोरच्याकडे वळवला. त्यावर चार टाइल्स होत्या: व्ही, यू, आय आणि एक कोरी, म्हणजे कुठल्याही अक्षराच्या जागी चालणारा ब्लँक. समोरच्याच्या टाइल्स संपल्या होत्या, त्यामुळे उरलेल्या अक्षरांची बेरीज करून दुप्पट गुण त्याला द्यायचे होते. व्हीचे चार, यूचा एक, आयचा एक, एकूण सहा, दुप्पट बारा. ब्लँकचे शून्य, म्हणून त्याचा दंडही शून्य. स्कोअरशीटवर बारा लिहिले गेले, फरक 19 आला, दोघांनी हात मिळवले. बघणाऱ्यांपैकी कोणीतरी म्हणालं, "ब्लँक राहिला होय!" आणि विषय तिथेच संपला. मनात अडकून राहिला तो हा शून्य. अख्ख्या पिशवीतली सगळ्यात मौल्यवान टाइल न वापरता राहिली, आणि कागदावर त्याची काही खूण नाही. व्ही राहिला तर चार गुण जातात, झेड राहिला तर दहा. ब्लँक राहिला की काहीच जात नाही, असं कागद सांगतो.

त्या डावातला ब्लँक पहिल्याच उचलीत आला होता. म्हणजे तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत रॅकवर बसून होता. आणि गंमत अशी, की त्याला जपण्याचा पहिला निर्णय अगदी बरोबर होता.

पहिला हात असा होता: जे, यू, आय, सी, एल, एल आणि ब्लँक. यातून सातही टाइल्स संपवणारा शब्द, ज्याला सगळे बिंगो म्हणतात आणि ज्याचे वर 50 गुण मिळतात, तो निघत नाही. पण ब्लँकला ई मानलं की 'ज्यूस' हा पाच अक्षरी शब्द समोरच दिसतो. रिकाम्या बोर्डावर मधल्या ओळीत तो असा लावता येतो, की जे दुप्पट-अक्षराच्या चौकोनात आणि शेवटचं अक्षर मधल्या चांदणीवर बसेल. जेचे सोळा, यू आणि आय एकेक, सीचे तीन, ब्लँकचा शून्य. एकूण 21, चांदणीमुळे दुप्पट, 42. पहिल्याच खेळीला 42 हे कोणालाही आवडेल. दुसरा पर्याय ब्लँकला हात न लावता 'जिल' लावण्याचा. द्रवाच्या एका जुन्या मापाचं हे नाव, जे-आय-एल-एल. अकराचे दुप्पट 22. फरक वीस गुणांचा.

इथे ब्लँकची किंमत नेमकी किती, हे माहीत असावं लागतं. अनुभवी खेळाडू आणि संगणकावरची विश्लेषणं दोन्ही साधारण एकाच आकड्याच्या आसपास येतात: डावाच्या सुरुवातीला रॅकवर राखलेला ब्लँक पुढच्या खेळ्यांमध्ये मिळून 25 ते 30 गुण जास्तीचे आणून देतो. राखलेला एस साधारण आठच्या आसपास. यावरून एक सरळ मोजपट्टी मिळते. ब्लँक वापरून होणारी सर्वोत्तम खेळी आणि न वापरता होणारी सर्वोत्तम खेळी यांत पंचवीसहून मोठा फरक असेल तर ब्लँक खर्चायचा, कमी असेल तर राखायचा. 'ज्यूस' आणि 'जिल'मध्ये वीसचा फरक, म्हणून राखायचा. त्यात अजून एक गोष्ट बघायची: मागे काय उरतं? 'ज्यूस' लावला की हातात दोन एल उरतात, आणि एकाच अक्षराची जोडी हातात असणं पुढच्या उचलीला जडच जातं. 'जिल' लावला की सी, यू आणि ब्लँक उरतात. सी-यू काही देखणी जोडी नाही, पण सोबत ब्लँक आहे. त्यामुळे वीसचा दिसणारा फरक भरून निघतो आणि 'जिल' थोड्या गुणांनी वर येतो. थोड्याच. हा हिशेब जवळचा आहे. एखाद्याने तिथे 'ज्यूस' लावला तर त्याला चूक म्हणणं जड जाईल.

बेचाळीस सोडून बावीस घेताना हात थबकतो. बेचाळीस कागदावर लिहिले जातात, ब्लँकचे पंचवीस कुठेच लिहिले जात नाहीत.

ही टाइल बोटांनाही वेगळी लागते. जुन्या लाकडी संचांमध्ये अक्षरं कोरलेली असायची. पिशवीत हात घालून बोट फिरवलं की खाच लागायची, आणि ज्या टाइलवर काहीच लागत नाही ती ब्लँक, हे कळायचं. म्हणून स्पर्धांमध्ये गुळगुळीत छापलेल्या प्लॅस्टिकच्या टाइल्स आल्या, आणि पिशवी डोळ्यांच्या वर धरून टाइल्स उचलायची रीत पडली. शंभर टाइल्समध्ये असे ब्लँक फक्त दोन. एस चार. ज्या अक्षराने अर्धा बोर्ड अनेकवचनी होऊ शकतो, ते इतकं कमी ठेवल्यामुळे ब्लँकचा सगळ्यात मोठा गैरवापर सुरू होतो: ब्लँकला एस करून टाकणं.

त्याच डावातल्या दुसऱ्या खेळीला हा मोह आला होता. सी, यू आणि ब्लँकच्या जोडीला एच, ई, डब्ल्यू, टी आले. 'जिल' हा शब्द चांदणीपासून उजवीकडे लावलेला होता आणि त्याच्या टोकाला एस जोडता येत होता. त्या चौकोनात शेवट होईल असा उभा 'च्यूज' लावला, ब्लँकला एस केलं, तर सुरुवातीचा सी दुप्पट-शब्दाच्या चौकोनावर येतो. तीन, चार, एक, चार मिळून बारा, दुप्पट 24. शिवाय आडवा 'जिल्स' तयार होतो त्याचे अकरा. एकूण 35. चांगली खेळी वाटते. पण तोच चार अक्षरी 'च्यू' दुसरीकडच्या दुप्पट-शब्दाच्या चौकोनावरून लावला तर 24 मिळतच होते, ब्लँक न खर्चता. फरक अकराचा. एसची खरी टाइल असती तरी अकरासाठी ती द्यावी की नाही याचा विचार झाला असता. ब्लँकच्या बाबतीत तर प्रश्नच नव्हता, आणि त्या खेळाडूने तो बरोबर राखला. तरी अशी खेळी घराघरांतल्या डावांत रोज होते. एकाच शब्दाने दोन शब्द जुळले की डोळ्यांना बरं वाटतं, आणि आपण पस्तीस गुणांकडे बघतो. बघायचं असतं ते फक्त जास्तीच्या अकराकडे. क्यूसोबत यू हवा म्हणून ब्लँकला यू करणं हाही त्यातलाच प्रकार. क्यू-आय हा दोन अक्षरी शब्द आज मान्य आहे. एका आयने क्यू सुटत असताना त्याच्यासाठी ब्लँक देणं महागाचं काम.

तर आतापर्यंत त्या डावात काहीच चुकलं नव्हतं. ब्लँक दोनदा राखला, दोनदा बरोबर. मग चूक कुठे झाली? बहुधा इथेच, की दोनदा बरोबर ठरलेली गोष्ट तिसऱ्यांदा सवय झाली. पंचवीस हा आकडा कायमचा आहे असं धरलं गेलं.

ब्लँकची किंमत त्याच्या अंगात नसते. ती तीन गोष्टींवर उभी असते: सोबतची अक्षरं, बोर्डावरची मोकळी जागा, आणि पिशवीत उरलेल्या टाइल्स, म्हणजेच उरलेला वेळ. सोबतीला ए, ई, एन, आर, टी असतील तर सातवी टाइल जवळपास कुठलीही आली तरी बिंगो निघतो. त्याच ब्लँकच्या सोबतीला यू, यू, व्ही, डब्ल्यू असतील तर तो ब्लँक कितीही अक्षरं बनू शकत असला तरी एकच बनणार आहे, आणि एका अक्षराने तो हात सुधारत नाही. व्हीचं तर खास दुखणं आहे: मान्य यादीत व्ही असलेला एकही दोन अक्षरी शब्द नाही, त्यामुळे तो छोट्या फटीत सरकवता येत नाही. व्ही आणि यू एकदा रॅकवर बसले की ब्लँकच्या शेजारी बसून राहतात.

ब्लँक हातात असताना बिंगोची वाट बघणं याला खेळाडू 'फिशिंग' म्हणतात, आपण गळ टाकून बसणं म्हणू. एक-दोन अडगळीची अक्षरं कमी गुणांत खेळून टाकायची, बाकी चांगली अक्षरं ब्लँकसकट राखायची आणि पिशवीतून हवं ते येईल अशी आशा करायची. हे कधी परवडतं? आकडे घेऊन बघू. समजा बिंगो 75 गुणांचा होणार आहे. गळ टाकायच्या खेळीला 10 गुण मिळतात. गळ न टाकता नेहमीसारखं खेळलं तर प्रत्येक खेळीला 30 मिळतात. एकदाच गळ टाकली आणि लगेच बिंगो लागला तर दोन खेळ्यांत 85, नेहमीसारखं खेळणाऱ्याचे 60. पंचवीसचा फायदा दिसतो. पण नेहमीसारखं खेळणाऱ्याच्या हातात ब्लँक अजून आहे, ज्याची किंमत आपणच पंचवीस धरली होती. म्हणजे बरोबरी. दोनदा गळ टाकावी लागली तर 95 विरुद्ध 90 आणि वर ब्लँक, म्हणजे वीसने तोटा. तीनदा टाकली तर 105 विरुद्ध 120. इथे ब्लँक मोजायचीही गरज उरत नाही.

हा हिशेब पहिल्यांदा कागदावर मांडला की जरा धक्का बसतो. 75 गुणांचा बिंगो लागल्यावर जो आनंद होतो, त्यात आधीच्या दोन खेळ्यांतले दहा-दहा गुण कोणाला आठवत नाहीत. म्हणून गळ टाकायची ती दोनच परिस्थितींत: एक, दुसरी चांगली खेळी पंधरा-अठरा गुणांच्या वर जातच नसेल, तेव्हा दहा घेतल्याने फारसं जात नाही. दोन, राखलेली पाच-सहा अक्षरं इतकी मिळतीजुळती असतील, की पुढच्या उचलीत बिंगो जवळजवळ ठरलेला आहे आणि तो लावायला बोर्डावर जागाही आहे. एरवी सरळ 30 गुण घ्यायचे. मात्र ते घेताना कोणती अक्षरं मागे ठेवायची ते बघून घ्यायचे. बिंगोसाठी बसून राहायचं नाही, गुण मिळवत जाताना रॅक असा ठेवायचा की बिंगो आपण होऊन येईल. चांगले खेळाडू ब्लँक जपतात म्हणजे बहुतेक वेळा एवढंच करतात. लांबून ते संयमासारखं दिसतं. प्रत्यक्षात त्यांनी एकही खेळी फुकट घालवलेली नसते.

बिंगो लागतो तेव्हाही ब्लँक कुठे ठेवायचा हा विचार उरतोच. त्याला स्वतःचा गुण नाही, म्हणून तिप्पट-अक्षराच्या चौकोनात तो बसला तर तो चौकोन वाया गेला. पण तिप्पट-शब्दाच्या चौकोनात तो बसला तर काही बिघडत नाही, तिथे सगळा शब्दच तिप्पट होतो. आणि एकाच हातातून अनेक बिंगो निघत असतील तर पुढच्याला काय मिळेल ते बघायचं. ए, ई, आय, एन, आर, टी आणि ब्लँक असा हात असेल तर 'ग्रॅनाइट', 'पेंटर', 'नास्टियर' असे कितीतरी शब्द समोर येतात. गुण बहुतेक सारखेच, कारण बदलणारं अक्षर ब्लँकचंच आहे. पण 'ग्रॅनाइट' आणि 'पेंटर' यांच्या शेवटी समोरचा एस लावून आपला शब्द वापरून घेऊ शकतो. 'नास्टियर'च्या शेवटी काहीच लागत नाही. आघाडीवर असाल तर तो लावावा. पिछाडीवर असाल आणि बोर्ड मोकळा हवा असेल तर उलट.

घरगुती डावात कधीकधी एक वेगळाच नियम असतो: बोर्डावर पडलेल्या ब्लँकच्या जागी ज्याच्याकडे ते खरं अक्षर असेल त्याने ते ठेवायचं आणि ब्लँक उचलून घ्यायचा. या नियमात वरचा सगळा हिशेब बदलतो, कारण ब्लँकला ई केलं तर पिशवीतल्या बारा ईंपैकी कोणताही तो सोडवून नेऊ शकतो, आणि झेड केलं तर फक्त एक. स्पर्धेत असं काही नाही. एकदा बोललेलं अक्षर डाव संपेपर्यंत तेच राहतं.

आता त्या डावातली खेळी, जिच्यामुळे शेवटी कोरी टाइल रॅकवर राहिली.

पिशवीत 16 टाइल्स उरल्या होत्या. बोर्ड भरत आला होता. डाव्या बाजूला सगळं दाटीवाटीने बसलेलं, वर एक फट होती ती समोरच्याने मागच्याच खेळीला बुजवली होती. हातात एफ, आय, एक्स, ई, यू, व्ही आणि ब्लँक. खालच्या उजव्या कोपऱ्याच्या वर उभा 'टो' होता, टी-ओ-ई, आणि त्याच्या खालचा चौकोन म्हणजे कोपऱ्यातला तिप्पट-शब्दाचा लाल चौकोन. ब्लँकला डी करून तळाच्या ओळीत 'फिक्स्ड' लावला तर त्याचा डी त्या कोपऱ्यात बसतो. एफचे चार, आय दुप्पट-अक्षरावर म्हणून दोन, एक्सचे आठ, ईचा एक, ब्लँकचा शून्य, मिळून पंधरा, तिप्पट 45. उभा 'टोड' तयार होतो, त्याचे तीन, तेही तिप्पट, नऊ. एकूण 54. दुसरा पर्याय होता वरच्या बाजूला दुप्पट-शब्दाच्या चौकोनावर 'फिक्स', 26 गुण. मागे ई, यू, व्ही आणि ब्लँक. त्याने हा दुसरा पर्याय घेतला.

फरक 28 चा होता. डावाच्या सुरुवातीलाही हा फरक सीमेपलीकडचा ठरला असता. इथे तर सीमा स्वतःच खाली आली होती. पंचवीस हा आकडा तेव्हाचा, जेव्हा पिशवी भरलेली असते, पाच-सहा उचली बाकी असतात आणि बोर्डाच्या चारी बाजू मोकळ्या असतात. सोळा टाइल्स म्हणजे दोघांत मिळून जेमतेम तीन-चार उचली. सात-आठ अक्षरी शब्द बसेल अशी जागा बोटाने दाखवायची झाली तर एकच दाखवता आली असती, आणि ती समोरच्यालाही दिसत होती. सोबतीला ई, यू, व्ही. अशा वेळी त्या ब्लँकची किंमत फार तर बारा-पंधरा धरावी. बारा-पंधराची वस्तू 28 ला मागितली जात होती आणि ती दिली गेली नाही. बाहेरून बघणाऱ्याला ती खेळी सावध वाटली असेल. खरं तर ती पहिल्या दोन निर्णयांची आठवण होती. आतापर्यंत जपला, आता तो साध्या पाच अक्षरी शब्दासाठी कसा द्यायचा? जितका जास्त वेळ जपलं, तितकं त्याच्यासाठी मोठं काहीतरी मिळालं पाहिजे, असं मनाला वाटू लागतं. बोर्ड मात्र प्रत्येक खेळीला थोडा थोडा बंद होत असतो, ब्लँकची किंमत त्याच्याबरोबर उतरत असते.

हे ओळखायची एक साधी खूण आहे. ब्लँक राखायचं ठरवताना स्वतःला विचारायचं, की बिंगो आला तर तो कुठे लावणार? एक नाही, दोन जागा दाखवता आल्या पाहिजेत, कारण एक समोरचा बंद करेल. दोन दाखवता येत नसतील तर ब्लँक आता बिंगोसाठी नाही, तो एखाद्या जड अक्षराला चांगल्या चौकोनापर्यंत पोचवण्यासाठी आहे. एक्स, झेड, जे हातात असताना तिप्पट-शब्दाची वाट उघडी असेल तर ती हीच वेळ. 'फिक्स्ड'मध्ये ब्लँकने स्वतः काही गुण दिले नसते, पण एक्सला कोपऱ्यातल्या तिप्पटीत नेऊन बसवलं असतं.

पिशवी रिकामी झाल्यावर ब्लँकचा अजून एकच उपयोग उरतो: समोरच्याच्या आधी टाइल्स संपवणं. बोर्डावर काय पडलंय हे टिपून ठेवणाऱ्याला शेवटी समोरच्याच्या हातातली सातही अक्षरं कळतात. त्या वेळी ब्लँक हातात असेल तर उरलेले दोन-तीन अक्षरांचे तुकडे एका खेळीत बाहेर काढायचा मार्ग बहुतेकदा निघतो, आणि समोरच्याच्या रॅकवर अडकलेल्या अक्षरांचे दुप्पट गुण आपल्याला मिळतात. तिथे ब्लँकला दहा-पंधरा गुण खेचून आणता येतात. पण त्यासाठी सोबतची अक्षरं हलकी हवीत. त्या डावात 'फिक्स'नंतर ई कुठेतरी खर्च झाला, दुसरा आय आला, आणि व्ही-यू तिथेच राहिले. व्हीला जागा मिळाली नाही, म्हणून संपवता आलं नाही, म्हणून ब्लँकही राहिला. 'फिक्स्ड' लावला असता तर पुढच्या उचलीत वेगळी अक्षरं आली असती, सगळंच बदललं असतं, त्यामुळे डाव जिंकलाच असता असं कोणी म्हणू शकत नाही. एवढंच, की हार 19 गुणांची होती आणि त्या खेळीतला फरक 28 चा.

स्कोअरशीटवर त्या जागी 26 लिहिलेले आहेत. चांगला आकडा आहे. आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांमध्ये तो बेमालूम मिसळून जातो.

पुढच्या डावाआधी टाइल्स मोजायच्या होत्या. दोघांनी मिळून पाच-पाचच्या ओळी लावल्या, पंचवीसचे चार चौकोन, म्हणजे शंभर पूर्ण. शेवटच्या चौकोनाच्या कोपऱ्यात एकाशेजारी एक अशा दोन कोऱ्या टाइल्स आल्या. हरलेल्या खेळाडूने त्यांतल्या एकीवरून अंगठा फिरवला, दोन्ही हातांनी टाइल्स पिशवीत सरकवल्या, आणि पिशवी हलवून समोरच्याकडे दिली.